ताळ्याच्या खुणांवरून स्तंभालेख: पेन्सिल टेकवण्यापूर्वीचे निर्णय

प्रश्न: माझी मुलगी सहावीत आहे. जुलैमध्ये तिने वर्गातील सर्व ४८ विद्यार्थ्यांना 'तू शाळेत कसा येतोस?' असे विचारून ताळ्याच्या खुणांचा तक्ता केला: चालत १८, सायकल ११, शाळेची बस ९, रिक्षा ७, पालकांची दुचाकी ४. यावरून आलेख कागदावर स्तंभालेख काढायचा आहे. आधी १ सेमीला १ विद्यार्थी धरला, तर 'चालत'चा स्तंभ कागदाबाहेर जाऊ लागला. मग तिने उभ्या अक्षावर ४, ७, ९, ११, १८ असे आकडे समान अंतरावर लिहिले, तर बाईंनी 'आलेख चुकला. शीर्षक व अक्षांची नावे नाहीत' असा शेरा दिला. नीट आलेख कसा काढावा?

उत्तर:

दोन्ही प्रयत्नांतील चुका वेगळ्या दिसत असल्या, तरी त्यांचे मूळ एकच आहे. कागदावरील एक सेंटिमीटर किती विद्यार्थ्यांसाठी आहे, हे ठरण्यापूर्वीच अक्ष आखले गेले. मी बरीच वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आहे आणि बिघडलेल्या स्तंभालेखांपैकी बहुतेकांची गोष्ट हीच असते. हात नीट चालला नाही म्हणून आलेख फारच क्वचित बिघडतो. नीटनेटकेपणाचे बहुतेक निर्णय पट्टी हातात घेण्यापूर्वीच व्हायला हवेत, म्हणून मी उत्तराचा मोठा भाग त्या निर्णयांवर खर्च करणार आहे.

पण त्याआधी तक्त्याकडे परत जावे लागेल. आपण दिलेल्या संख्यांची बेरीज करून पाहा: १८, ११, ९, ७ आणि ४ मिळून ४९ होतात. वर्गात विद्यार्थी ४८ आहेत आणि प्रत्येकाने एकच उत्तर दिले असेल, तर एक खूण जास्त आहे. बाईंचे याकडे लक्ष गेले नसावे, कारण त्यांच्यासमोर आलेखातील ठळक चूक होती. तरीही आलेखाचा कच्चा माल हा तक्ताच असल्याने बेरजेचा ताळा जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ती एक जास्तीची खूण कुठून आली असेल, याच्या दोन शक्यता माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा खऱ्या ठरतात. पहिली शक्यता गठ्ठ्याची. ताळ्याच्या खुणांमध्ये चार उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी पाचवी तिरकी रेघ असा पाचाचा गठ्ठा असतो. घाईत तीनच उभ्या रेघांवर तिरकी रेघ मारली, तर त्या गठ्ठ्यात खुणा चार असतात, पण मोजताना आपण सवयीने पाच धरतो आणि बेरीज एकाने वाढते. उलट पाच उभ्या रेघा काढून मग तिरकी मारली, तर गठ्ठ्यात सहा खुणा होतात, त्या पाच मोजल्या जातात आणि बेरीज एकाने कमी येते. म्हणजे बेरीज जास्त आहे की कमी, यावरूनच कोणत्या प्रकारचा गठ्ठा शोधायचा हे कळते. आपली बेरीज जास्त आहे, तेव्हा तीन उभ्या रेघांचा गठ्ठा शोधावा. अर्थात तक्त्यातील संख्या लिहिताना नुसती मोजणी चुकली असेल, तर तेही याच फेरमोजणीत उघड होईल.

दुसरी शक्यता अशी, की एखाद्या विद्यार्थ्याने 'कधी चालत, कधी सायकलने' असे सांगितले आणि मुलीने दोन्हीकडे एकेक खूण केली. गठ्ठे सगळे व्यवस्थित निघाले, तर असे कोणी होते का, हे तिला आठवून सांगावे लागेल किंवा वर्गात पुन्हा विचारावे लागेल. 'बहुतेक दिवशी कसा येतोस?' असे विचारले की एकच उत्तर मिळते. बेरीज जुळावी म्हणून मनानेच कोणत्या तरी संख्येतून एक वजा करणे मात्र टाळावे. तसे केल्यास आलेख सुंदर दिसेल, पण तो त्या वर्गाचा राहणार नाही.

पुढील उदाहरणासाठी मी असे धरतो, की चूक 'चालत'च्या रांगेतील एका गठ्ठ्यात सापडली आणि तेथील खरी संख्या १७ आहे. आता बेरीज ४८ होते. आपल्याकडे चूक दुसऱ्या रांगेत निघाली, तर ती संख्या बदलावी. खालील रीत तशीच राहील.

आता प्रमाणाकडे वळू. यासाठी दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात: तक्त्यातील सर्वांत मोठी संख्या आणि कागदावर स्तंभांसाठी खरोखर उपलब्ध असलेली उंची. सर्वांत मोठी संख्या १७ आहे. उंचीसाठी आपल्याच आलेख कागदाचा छापील भाग पट्टीने मोजावा, कारण कागद निरनिराळ्या आकारांचे मिळतात. समजा तो २२ सेमी उंच आणि १६ सेमी रुंद आहे. खाली स्तंभांची नावे आणि आडव्या अक्षाचे नाव यांना मिळून ३ सेमी लागतील, वर शीर्षक आणि प्रमाण यांसाठी आणखी ३ सेमी सोडावे लागतील. उरले १६ सेमी. एका सेंटिमीटरला एक विद्यार्थी धरला, तर १७ सेमीचा स्तंभ या जागेत मावत नाही. पहिल्या प्रयत्नात स्तंभ बाहेर का जात होता, याचे कारण एवढेच.

मग एका सेंटिमीटरला किती विद्यार्थी धरावेत? मुले येथे बहुधा अंदाजाने ३ किंवा ४ म्हणतात आणि पुढे अडकतात. आलेख कागदावर एका सेंटिमीटरचे १० लहान भाग असतात, प्रत्येक भाग १ मिलिमीटरचा. आपण निवडलेल्या संख्येने या १० भागांना पूर्ण भाग जात असेल, तर प्रत्येक विद्यार्थी नेमक्या छापील रेषेवर पडतो. १ सेमीला २ विद्यार्थी धरले, तर एका विद्यार्थ्यासाठी ५ लहान भाग येतात. १ सेमीला ५ धरले, तर २ लहान भाग येतात. परंतु ३ धरले, तर एका विद्यार्थ्याला तीन पूर्णांक एक तृतीयांश भाग येतात आणि १७ चा स्तंभ ५.६७ सेमीच्या आसपास कुठेतरी, दोन रेषांच्या मध्ये, डोळ्यांनी ठरवून थांबवावा लागतो. ४ धरले तरी एका विद्यार्थ्याला अडीच भाग येतात आणि विषम संख्या रेषेच्या मध्येच लटकतात. म्हणून वर्गातल्या सर्वेक्षणासाठी १, २, ५ आणि १० ही प्रमाणे सोयीची आणि ३, ४, ६, ७ ही त्रासाची.

आपल्या उदाहरणात २ आणि ५ असे दोन योग्य पर्याय उरतात. १ सेमी = ५ विद्यार्थी धरल्यास 'चालत'चा स्तंभ ३.४ सेमी आणि 'दुचाकी'चा ०.८ सेमी होईल. आलेख बरोबर असेल, पण १६ सेमीच्या जागेत तो खाली गोळा झालेला दिसेल आणि ७ व ९ यांच्यातील फरक अवघा ४ मिलिमीटर भरेल. १ सेमी = २ विद्यार्थी धरल्यास उंची अशा येतात: चालत ८.५ सेमी, सायकल ५.५, शाळेची बस ४.५, रिक्षा ३.५ आणि दुचाकी २ सेमी. सर्वांत उंच स्तंभाने उपलब्ध उंचीची निम्म्याहून अधिक जागा घेतली, तर फरक सहज डोळ्यांत भरतात, असा माझा साधा निकष आहे. ८.५ सेमी या निकषात बसते, तेव्हा येथे १ सेमी = २ विद्यार्थी हेच प्रमाण घ्यावे. संख्येला २ ने भागून आलेल्या या पाच उंची आपल्या मुलीला तक्त्याच्या उजवीकडे एक जादा स्तंभ करून लिहायला सांगाव्यात. अक्ष आखताना तोंडी भागाकार करत बसण्यापेक्षा हे बरे, कारण तपासतानाही ती रांग उपयोगी पडते.

आता दुसऱ्या प्रयत्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ही चूक फार सामान्य आहे आणि ती का चूक आहे हे मुलांना 'तसे लिहायचे नसते' एवढ्यावर पटत नाही. उभ्या अक्षावर समान अंतरावर ४, ७, ९, ११, १८ असे लिहिले, की सर्वांत लहान स्तंभ एका घराचा, त्यावरचा दोन घरांचा, मग तीन, चार आणि पाच घरांचा होतो. वर्गात काहीही विचारले असते, तरी पाच वेगवेगळ्या संख्यांपासून हीच सारख्या पायऱ्यांची जिन्यासारखी आकृती मिळाली असती. म्हणजे त्या चित्रात सर्वेक्षणातील संख्या उरतच नाहीत, उरतो फक्त त्यांचा क्रम. रिक्षाचा स्तंभ दुचाकीच्या दुप्पट दिसतो, प्रत्यक्षात ७ ही संख्या ४ च्या पावणेदोन पट आहे. रिक्षा आणि बस यांच्यात दोघांचा फरक आहे, सायकल आणि चालत यांच्यात सहा जणांचा, आणि आलेखात दोन्ही फरक एकाच घराचे दिसतात. मुलीला तिचा जुना आलेख दाखवून 'चालत येणारे सायकलवाल्यांपेक्षा किती जास्त दिसतात?' एवढेच विचारावे. चूक तिची तिलाच दिसेल.

उभ्या अक्षावरील आकडे तक्त्यातून उचलायचे नसतात, ते प्रमाणातून येतात. आरंभबिंदूपाशी ०, तेथून प्रत्येक सेंटिमीटरला २, ४, ६ असे करत १८ पर्यंत. तक्त्यात १७ ही संख्या असली तरी अक्षावर १७ लिहायचे नाही. ते १६ आणि १८ यांच्या बरोबर मध्ये, पाच लहान भागांवर, आपोआप येते. शेवटचा आकडा सर्वांत मोठ्या संख्येच्या निदान एक पाऊल पुढे असावा, म्हणजे उंच स्तंभ अक्षाच्या टोकावर जाऊन आदळत नाही.

आकडा नेमका कोठे लिहायचा, हेही सांगायला हवे. तो ठळक रेषेच्या समोर लिहायचा असतो, दोन रेषांमधील चौकोनासमोर नव्हे. चौकोनात लिहिण्याची सवय मुलांना पहिली-दुसरीतील चित्रालेखांपासून लागलेली असते, कारण तेथे एक चौकोन म्हणजे एक वस्तू असे मोजलेले असते. आकडे चौकोनासमोर गेले, की स्तंभ कोणत्या रेषेपर्यंत न्यायचा याचा गोंधळ होतो आणि सगळे स्तंभ अर्ध्या सेंटिमीटरने खालीवर होतात.

अक्ष शून्यापासूनच सुरू व्हायला हवा, याचे कारणही याच विचारात आहे. स्तंभालेखात वाचणारा स्तंभाची लांबी पाहतो, तिच्या वरच्या टोकाजवळचा आकडा नंतर. समजा जागा वाचवण्यासाठी अक्ष २ पासून सुरू केला, तर दुचाकीच्या ४ मधील दोनच आणि रिक्षाच्या ७ मधील पाचच विद्यार्थी स्तंभात दिसतील. मग रिक्षाचा स्तंभ दुचाकीच्या अडीच पट होईल, जो खरे तर पावणेदोन पट असायला हवा. वरच्या वर्गांत अक्षाचा काही भाग वगळल्याचे दाखवणारी नागमोडी खूण शिकवली जाते आणि हुशार मुले ती मोठ्या भावंडांकडून उचलून येथे वापरतात. या आलेखात तिची गरज नाही.

आता रुंदीचा हिशेब. येथे स्तंभांची जाडी संख्येवर अवलंबून नसते, म्हणून 'सर्व स्तंभ सारख्या जाडीचे आणि सारख्या अंतरावर' एवढेच शिकवून आपण पुढे जातो. पण किती जाडीचे, हे कशावरून ठरवावे? माझ्या मते ते खाली लिहायच्या नावांवरून ठरवावे. १ सेमी जाडीच्या स्तंभाखाली 'शाळेची बस' आडवे लिहायला गेले, की अक्षरे शेजारच्या स्तंभाखाली सरकतात, मग मुले नावे उभी किंवा तिरकी लिहितात आणि वाचणाऱ्याला मान वाकडी करावी लागते. स्तंभ दीड सेमीचा आणि दोन स्तंभांमधील अंतर १ सेमी ठेवले, तर प्रत्येक नावाला अडीच सेमी जागा मिळते. 'शाळेची' आणि 'बस' हे शब्द एकाखाली एक लिहिले, तर तेवढ्यात ते आरामात बसतात. 'पालकांची दुचाकी' हेही तसेच दोन ओळींत लिहावे.

हा हिशेब कागदावर बसतो का, तेही पाहू. पाच स्तंभांचे साडेसात सेमी; पहिल्या स्तंभाच्या आधी, मधल्या चार ठिकाणी आणि शेवटी मिळून सहा अंतरांचे ६ सेमी; एकूण साडेतेरा. कागद १६ सेमी रुंद आहे आणि डावीकडे आकडे व उभ्या अक्षाचे नाव यांसाठी २ सेमी सोडले, तर १४ उरतात. म्हणजे आलेख बसतो आणि अर्धा सेमी शिल्लक राहतो. आता उभ्या अक्षापासून मोजून आडव्या अक्षावर बारीक खुणा कराव्यात: पहिला स्तंभ १ ते २.५ सेमी, दुसरा ३.५ ते ५, तिसरा ६ ते ७.५, चौथा ८.५ ते १० आणि पाचवा ११ ते १२.५. या सर्व खुणा स्तंभ काढण्यापूर्वी एकदाच कराव्यात. एक स्तंभ पूर्ण करून मग पुढच्याचे अंतर मोजले, तर थोडी थोडी चूक साचत जाते आणि शेवटचा स्तंभ कडेला चेपला जातो.

स्तंभांमध्ये अंतर का ठेवायचे, हा प्रश्न मुलगी नक्की विचारेल. 'चालत' आणि 'सायकल' ही दोन स्वतंत्र उत्तरे आहेत. त्यांच्या मध्ये कोणतेही मूल्य नसते. स्कॉटलंडचे विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये जो स्तंभालेख छापला, तोही अशाच कारणाने. इतर आलेखांसाठी त्यांच्याकडे अनेक वर्षांचे आकडे होते आणि ते त्यांनी सलग रेषेने दाखवले; स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचे मात्र एकाच वर्षाचे आकडे हाती होते, म्हणून त्यांनी प्रत्येक देशासाठी वेगवेगळे स्तंभ काढले. स्तंभ एकमेकांना चिकटवायचे असतात ते आयतालेखात, जेथे ० ते १०, १० ते २० असे सलग वर्ग असतात. तो दहावीत येतो, तेव्हा सध्या एवढे सांगून थांबावे.

स्तंभांचा क्रम काय ठेवावा, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. शाळेत येण्याच्या पद्धतींना स्वतःचा असा क्रम नसतो, त्यामुळे आपल्या तक्त्यातील उतरता क्रम उत्तम आहे आणि वाचायला सोपाही आहे. 'इतर' असा गट असेल, तर तो कितीही मोठा असला तरी शेवटी ठेवावा. मात्र प्रश्न 'घरात किती माणसे आहेत?' असा असता, तर २, ३, ४, ५ हाच क्रम ठेवावा लागला असता आणि स्तंभ उंचीप्रमाणे लावणे चूक ठरले असते. एखाद्या पर्यायाला एकही उत्तर मिळाले नसेल, तर त्याचे नाव खाली लिहून वरची जागा रिकामी सोडावी, कारण 'कोणीच नाही' हेही सर्वेक्षणाचे उत्तर आहे.

आता बाईंच्या शेऱ्यातील उरलेला भाग: शीर्षक आणि अक्षांची नावे. मुले शीर्षक म्हणून 'स्तंभालेख' किंवा 'सर्वेक्षण' असे लिहितात. आकृती कोणत्या प्रकारची आहे हे तर दिसतच असते. शीर्षकाने ती कोणाविषयी आणि कशाविषयी आहे हे सांगायचे असते. येथे 'इयत्ता सहावीतील ४८ विद्यार्थी शाळेत कसे येतात (जुलै)' असे शीर्षक पुरेसे आहे. महिना लिहिण्याचा मी आग्रह धरतो, कारण हे सर्वेक्षण पावसाळ्यातले आहे. एरवी सायकलने येणारी काही मुले जुलैत रिक्षाने किंवा बसने येत असतील, तर डिसेंबरमधील आलेख निराळा निघू शकतो आणि महिना नसल्यास वाचणाऱ्याला तो फरक समजणार नाही.

आडव्या अक्षाचे नाव 'शाळेत येण्याची पद्धत' असे लिहावे. 'वाहन' असे लिहिल्यास पहिलाच स्तंभ त्यात बसत नाही, कारण चालत येणाऱ्यांकडे वाहन नसते. उभ्या अक्षाचे नाव 'विद्यार्थ्यांची संख्या'. ते अक्षाच्या डावीकडे, खालून वर वाचता येईल असे उभे लिहितात. नावे तिरकी लिहू नयेत असे मी वर म्हटले, त्याला हा रूढ अपवाद. केवळ 'संख्या' असे लिहून थांबू नये. कशाची, हा प्रश्न शिल्लक राहतो. अक्षांजवळ फक्त X आणि Y लिहिणे म्हणजे अक्षांना ओळखीच्या खुणा देणे होय, नावे देणे नव्हे; बाईंना बहुधा हेच म्हणायचे असावे. प्रमाण उजव्या कोपऱ्यात वर लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे: 'प्रमाण: Y-अक्षावर १ सेमी = २ विद्यार्थी'. आडव्या अक्षावर संख्या नसल्याने त्याला प्रमाण लागत नाही.

हे सर्व ठरल्यावर प्रत्यक्ष आखणी अर्ध्या तासाचेही काम नाही. टोकदार पेन्सिलीने छापील ठळक रेषांवरच दोन्ही अक्ष काढावेत, म्हणजे प्रत्येक सेंटिमीटर ठळक रेषेवर पडतो; मध्येच एखाद्या फिकट रेषेवर अक्ष घेतला, तर पुढे प्रत्येक वाचनात गडबड होते. उभ्या अक्षावरील आकडे लिहून झाल्यावर प्रत्येक स्तंभाच्या दोन्ही कडांवर, त्याच्या उंचीवर, एकेक बारीक ठिपका द्यावा. 'चालत'साठी हे ठिपके १६ च्या रेषेच्या वर पाच लहान भागांवर येतील. पाचही स्तंभांचे ठिपके देऊन झाले, की ते तक्त्याशी पडताळावेत आणि मगच पट्टीने रेषा ओढाव्यात. ठिपका खोडणे सोपे असते. रंगवलेला स्तंभ खोडला, की कागदाचा पापुद्रा निघतो.

रंगाबद्दल माझे मत पुष्कळ मुलांना आवडत नाही. पाच स्तंभांना पाच रंग देण्याची गरज नाही, कारण प्रत्येकाचे नाव खाली लिहिलेलेच आहे आणि सर्व स्तंभ एकाच प्रश्नाची उत्तरे दाखवतात. एकच फिकट रंग किंवा एकाच दिशेने मारलेल्या समांतर तिरक्या रेघा पुरतात. गडद स्केचपेन टाळावे; त्याखाली आलेख कागदाच्या रेषा झाकल्या जातात आणि स्तंभ कडेच्या बाहेर पसरून अर्ध्या विद्यार्थ्याने मोठा होतो. वेगवेगळे रंग आणि सोबत सूची लागते ती सातवीतील जोडस्तंभालेखात, जेथे एकाच नावावर मुलगे आणि मुली असे दोन स्तंभ शेजारी उभे असतात.

आलेख कागद मिळाला नाही आणि चौकटीच्या वहीतच काढायचा असेल, तर हिशेब थोडा बदलतो. तेथे सेंटिमीटरऐवजी चौकट हेच माप धरावे आणि चौकटींना मिलिमीटरचे भाग नसल्याने प्रमाण असे निवडावे, की स्तंभ पूर्ण किंवा नेमक्या अर्ध्या चौकटीवर संपतील. पानावर उभ्या २५ चौकटी असतील आणि वर-खाली मिळून सहा सोडल्या, तर १९ उरतात; तेव्हा १ चौकट = १ विद्यार्थी धरून १७ चा स्तंभ बसवता येतो. १८ चौकटींपेक्षा कमी जागा असेल, तर १ चौकट = २ विद्यार्थी धरून विषम संख्या अर्ध्या चौकटीवर थांबवाव्यात. ५ चे प्रमाण अशा वहीत वापरू नये, कारण चौकटीचा पाचवा भाग डोळ्यांनी नीट ठरत नाही.

आलेख पूर्ण झाल्यावर तो घरातील अशा कोणाला तरी द्यावा, ज्यांनी तक्ता पाहिलेला नाही, आणि पाचही संख्या आलेखावरून वाचून लिहायला सांगाव्यात. त्यांच्या संख्या तक्त्याशी जुळल्या आणि बेरीज ४८ आली, तर आलेख वहीत चिकटवायला हरकत नाही. एकच संख्या चुकली, तर त्या स्तंभाचा ठिपका चुकला आहे. सगळ्या संख्या सारख्याच फरकाने चुकल्या, तर आकडे रेषांऐवजी चौकोनांसमोर गेले आहेत किंवा शून्य आरंभबिंदूवर पडलेले नाही. सगळ्या संख्या निम्म्या आल्या, तर वाचणाऱ्याने अक्षावरील आकडे सोडून सेंटिमीटर मोजले आहेत. अशा वेळी ते आकडे फार बारीक लिहिले गेलेत का आणि कोपऱ्यातील प्रमाण राहून गेले आहे का, ते पाहावे.